इक्वल वेट इंडेक्स फंड घेताना या चुका टाळा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्री चालवणाऱ्याने 10 लाख रुपये इंडेक्स फंडात टाकायचे ठरवले, की एक सल्ला हमखास मिळतो: "दादा, साध्या निफ्टीत सगळा पैसा बँकांत जातोय, तुम्ही इक्वल वेट घ्या, त्यात रिस्क कमी." या सल्ल्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागामुळे मात्र नुकसान होऊ शकतं.

आधी खरा भाग पाहू. निफ्टी 50 मध्ये कंपन्या 50 असल्या तरी पैसा त्यांच्यात सारखा वाटला जात नाही. बाजारात खरेदी-विक्रीला मोकळ्या असलेल्या शेअरचं मूल्य जितकं मोठं, तितका त्या कंपनीचा वाटा मोठा. त्यामुळे पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून जास्त पैसा असतो. 17 जानेवारी 2024 ला एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात 8 टक्क्यांहून जास्त पडला. तेव्हा तिचा वाटा 13 टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे या एका शेअरने निर्देशांक सुमारे 1 टक्का खाली ओढला. इक्वल वेटमध्ये प्रत्येक कंपनीला 2 टक्के मिळतात. तिथे त्याच घसरणीचा फटका जेमतेम 0.16 टक्के बसला असता.

म्हणजे एका कंपनीवर अवलंबून राहणं कमी होतं, हे नक्की. पण म्हणून एकूण जोखीम कमी होते असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे 38 टक्के कोसळला, तेव्हा इक्वल वेट निर्देशांकही वाचला नाही. अख्खा बाजार पडतो तेव्हा वाटणी कशी केली याने फारसा फरक पडत नाही.

आता फाउंड्रीवाल्याच्या 10 लाखांकडे वळू. इक्वल वेटमध्ये एखाद्या क्षेत्राचा वाटा त्यातल्या कंपन्यांच्या संख्येवर ठरतो. बँका, विमा आणि फायनान्स मिळून दहा-अकरा कंपन्या धरल्या, तर साध्या निफ्टीतला साधारण एक तृतीयांश वाटा 20-22 टक्क्यांवर येतो. तिथून सुटलेला पैसा दुसरीकडे जाणारच. वाहन कंपन्या पाच धरल्या तर 10 टक्के, पोलाद-ॲल्युमिनियमच्या तीन धरल्या तर 6 टक्के. म्हणजे 1 लाख 60 हजार रुपये वाहन आणि धातूत. साध्या निफ्टीत ही रक्कम साधारण लाखाच्या आसपास असते. या माणसाच्या कारखान्यातलं कास्टिंग जातं कुठे? ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारींना. वाहनांची मागणी आटली की ऑर्डर थांबतात, आणि नेमका त्याच वेळी फंडही जास्त पडतो. त्याच्यासाठी बँकांचा मोठा वाटा ही कदाचित बरी बाजू होती. बँकेत नोकरी करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचं गणित बरोबर उलट निघेल. म्हणून फंड घेण्याआधी त्याचं महिन्याचं फॅक्टशीट उघडा आणि क्षेत्रांच्या तक्त्यात तुमचा पगार किंवा धंदा ज्या क्षेत्रातून येतो त्याची ओळ शोधा.

दुसरी चूक म्हणजे दर तिमाहीच्या समतोलाकडे दुर्लक्ष. वाढलेला शेअर थोडा विकून पडलेला पुन्हा 2 टक्क्यांवर आणायचा, हा इक्वल वेटचा नियम. पडलेला शेअर सावरला तर यात फायदा आहे, आणि तो या पद्धतीचा खरा गुण आहे. पण कंपनी घसरतच गेली तर? समजा, तुमच्या 1 लाखात तिचे 2,000 रुपये आहेत, शेअर दर तिमाहीला निम्मा होतोय आणि बाकी काही बदलत नाही. इक्वल वेट फंड दर वेळी सुमारे 1,000 रुपये नव्याने ओततो, त्यामुळे तीन तिमाहींत सुमारे 3,000 जातात. सुरुवात 2,000 पासूनच केली तर बाजारमूल्यानुसार चालणाऱ्या फंडात तोटा 1,750 वर थांबतो, कारण वाटा आपोआप आटतो. ही भीती कल्पनेतली नाही. येस बँक बराच काळ घसरत राहिली आणि मार्च 2020 मध्येच निफ्टीतून बाहेर गेली.

काही जण दोन्ही फंड घेऊन निश्चिंत होतात. कंपन्या मात्र त्याच 50. एका बँकेचा वाटा एकीकडे 12 टक्के आणि दुसरीकडे 2 असेल, तर प्रत्येकी 1 लाखात तिचे 12,000 आणि 2,000 मिळून 14,000, म्हणजे 7 टक्के झाले. हे जाणूनबुजून केलं असेल तर ठीक आहे, मधला मार्ग मिळतो. नवीन कंपन्या हव्या असतील तर निफ्टी नेक्स्ट 50 कडे, म्हणजे या 50 नंतरच्या 50 कंपन्यांच्या निर्देशांकाकडे पाहावं लागेल.

आणि मागच्या वर्षी कोण पुढे होतं ते पाहून उड्या मारू नका. मोठ्या कंपन्या जोरात असतात तेव्हा साधा निफ्टी पुढे जातो, तेजी बाकीच्यांत पसरली की इक्वल वेट. फंडाच्या आतल्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कर भरावा लागत नाही, पण तुम्ही स्वतः एका फंडातून दुसऱ्यात गेलात तर ती विक्री धरली जाते. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के, त्यानंतर आर्थिक वर्षातल्या 1.25 लाखांवरच्या नफ्यावर 12.5 टक्के.