मर्यादा पाचशेची हजार झाली, टेस्ट केसचं काय करायचं?

मॅन्युअल टेस्टिंगच्या पहिल्या नोकरीत सहसा नव्या केस लिहायला मिळत नाहीत. हातात येते ती आधीच्या लोकांनी लिहिलेली हजार-दीड हजार केसची शीट किंवा टेस्टलिंकमधला भलामोठा प्रोजेक्ट. त्यातल्या कोणत्या केस अजून खऱ्या आहेत हे कुणालाच धड सांगता येत नाही. हा ढीग नीट कसा ठेवायचा ते एकाच उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे यूपीआय लाइटचं, म्हणजे पिन न टाकता छोटी रक्कम देण्याच्या सोयीचं.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये होती आणि लाइटमध्ये एकूण २००० रुपये ठेवता येत. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहाराची मर्यादा ५०० केली, एकूण रक्कम तीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये व्यवहाराची १००० आणि एकूण ५००० झाली. म्हणजे सव्वादोन वर्षांत नियम दोनदा बदलला, आणि दुसऱ्या वेळी दोन आकडे एकदम बदलले. शिवाय परिपत्रक निघालं त्याच दिवशी प्रत्येक बँकेत आणि प्रत्येक ॲपमध्ये नवी मर्यादा लागू होते असं नसतं. काही काळ जुनी आणि नवी, दोन्ही खरी असतात.

आता एका पेमेंट ॲपची केस लायब्ररी डोळ्यासमोर आणा. २०२२ मध्ये कुणीतरी १९९, २०० आणि २०१ रुपयांच्या तीन केस लिहिल्या. २०२३ मध्ये दुसऱ्या कुणीतरी, जुन्यांना हात लावायची भीती वाटली म्हणून, ४९९, ५०० आणि ५०१च्या तीन नव्या लिहिल्या. तिसऱ्या वेळी ९९९, १००० आणि १००१. एकाच नियमाच्या नऊ केस झाल्या, त्यातल्या कामाच्या तीनच. उरलेल्या सहापैकी २०१ आणि ५०१च्या केस रिग्रेशनमध्ये फेल होतील, कारण त्यात ‘पिन मागितला जावा’ असं लिहिलंय आणि आता तो मागितला जात नाही. नवा टेस्टर बग टाकेल, डेव्हलपर ‘हा बग नाही’ म्हणून बंद करेल, अर्धा दिवस जाईल. पण निदान बोंब तरी होईल. खरी अडचण उरलेल्या चारांची आहे. ५०० रुपयांचं पेमेंट आजही होतं, केस पास होते, रिपोर्टमध्ये हिरवी दिसते. एकेकाळी ती सीमेवरची केस होती, आता ५०० हा मधलाच कुठला तरी आकडा आहे. अशी हिरवी पण निकामी केस फेल होऊन कधीच लक्ष वेधत नाही, त्यामुळे ती मुद्दाम शोधावी लागते. टॅग लागतात ते त्यासाठी.

बहुतेक टीम टॅग लावतात ते स्प्रिंटचे, मॉड्यूलचे, कधीकधी टेस्टरच्या नावाचेही. सहा महिन्यांनी ‘स्प्रिंट १४’ या टॅगवरून काहीही कळत नाही. टॅग लावताना एकच प्रश्न विचारायचा: कोणता नियम बदलला तर ही केस पुन्हा वाचावी लागेल? आपल्या उदाहरणात असे दोन टॅग पुरतात:

```
rule:lite-txn-limit
rule:lite-balance-limit
```

याच्या जोडीला केस कधी चालवायची त्याचा एक टॅग, `run:smoke` किंवा `run:regression`. प्राधान्याला वेगळा कॉलम असतोच, त्याचा टॅग करू नका. टॅगची यादी एका शीटमध्ये ठेवा आणि नवा टॅग आधी तिथे लिहिल्याशिवाय वापरायचा नाही असं ठरवा. हे केलं नाही की एकाच गोष्टीला कुणी `lite`, कुणी `upi-lite`, कुणी `UPILite` लावतं. मग फिल्टर मारल्यावर तिसरा हिस्साच केस दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याच आहेत.

‘टॅग कशाला, ५०० शोधलं की सापडतील’ असं बरेच जण म्हणतात. सापडत नाहीत. ५०१च्या केसमध्ये ५०० हा आकडा कुठेच नसतो. ‘कमाल रकमेचं पेमेंट करा’ असं शब्दांत लिहिलेल्या केसमध्ये आकडाच नसतो. एखाद्या केसमध्ये ‘लाइट पूर्ण भरा, कमाल रकमेची चार पेमेंट करा, पाचव्याला पिन यावा’ असं असतं. तिथला ‘चार’ हा २००० भागिले ५००मधून आलाय. नवीन मर्यादेत ५००० भागिले १००० म्हणजे पाच. या केसला दोन्ही नियमांचे टॅग हवेत, आणि ते लावायला केस वाचलेलीच असावी लागते. शीर्षक बघून शंभर केसना एका झटक्यात टॅग लावले तर नेमकी हीच केस सुटते.

पुढचा मोह आकडे एका जागी काढून ठेवायचा. तो चांगला आहे, करा:

```
LITE_TXN_MAX   1000
LITE_BAL_MAX   5000
```

स्टेपमध्ये मग ‘`LITE_TXN_MAX` पेक्षा १ रुपया जास्त टाका’ असं लिहायचं. मर्यादा बदलली की एक ओळ बदलते. मात्र नियमाने ठरलेले आकडेच असे काढा. सगळेच आकडे काढले तर हाताने टेस्ट करणाऱ्याला प्रत्येक स्टेपला दुसरी शीट उघडावी लागते, आणि आठवड्याभरात तो अंदाजाने आकडे टाकायला लागतो.

यातही एक खड्डा आहे. २०२३ मधली केस अशी समजा: लाइटमध्ये ७०० रुपये शिल्लक, ५०१ रुपये पाठवा, पिनचा स्क्रीन यावा. मर्यादा ओलांडली की ॲप बँक खात्यातून पैसे काढायला जातं आणि पिन मागतं, म्हणून तसं अपेक्षित. आता आकड्यांची शीट बदलली, स्टेप आपोआप १००१ रुपयांची झाली. शिल्लक मात्र प्रीकंडिशनमध्ये ७०० म्हणूनच लिहिलेली. टेस्टर १००१ टाकतो, पिनचा स्क्रीन येतो, केस पास. पण पिन आला तो शिल्लक कमी होती म्हणून. मर्यादेची तपासणी कोडमधून उडवून टाकली असती तरी ही केस पासच झाली असती. म्हणून आकडा बदलला तरी त्या टॅगच्या सगळ्या केस एकदा डोळ्यांखालून घालाव्या लागतात आणि प्रत्येकीत एकच विचारायचं: अपेक्षित निकाल येण्याचं दुसरं काही कारण तयार झालंय का? इथली दुरुस्ती सोपी आहे. प्रीकंडिशनमध्ये ‘शिल्लक `LITE_BAL_MAX` एवढी’ असं करायचं, म्हणजे पिन मागायला मर्यादा सोडून दुसरं कारण उरत नाही.

आता व्हर्जन. बटणाचं नाव बदललं, शुद्धलेखन सुधारलं, तर नुसतं एडिट करा. अपेक्षित निकाल, प्रीकंडिशन किंवा स्टेपचा अर्थ बदलला तर नवं व्हर्जन. केसचा हेतूच बदलला तर नवी केस, नवा आयडी. वरची ७०० रुपयांची केस दुसऱ्या प्रकारात येते. हेतू तोच, मर्यादेवर पिन यावा, तपशील बदलले.

शीटमध्ये काम करत असाल तर `_v2_final` नावाच्या फाइल करू नका. चार कॉलम वाढवा: व्हर्जन, कोणत्या रिलीजपासून लागू, बदलाचं तिकीट, बदलाचं एका ओळीतलं कारण. जुनी ओळ ‘इतिहास’ नावाच्या शीटमध्ये हलवा, मिटवू नका. ‘कोणत्या रिलीजपासून’ हा कॉलम फालतू वाटतो, पण जुनं ॲप वापरणाऱ्यांसाठी एखादा पॅच निघाला की कोणतं व्हर्जन चालवायचं ते त्यावरूनच कळतं. आणि निकाल लिहिताना आयडीसोबत व्हर्जनही लिहा. `LITE-014 Pass` एवढंच असेल तर वर्षभराने कुणी विचारलं, ‘नवी मर्यादा तपासली होती का?’, तर उत्तर देता येत नाही. `LITE-014 v3 Pass` असेल तर देता येतं.

टेस्टलिंकमध्ये व्हर्जनची सोय आहेच, पण नवखे एका ठिकाणी हमखास अडकतात. केसचं नवं व्हर्जन केलं तरी आधीच्या टेस्ट प्लॅनमध्ये जुनंच व्हर्जन जोडलेलं राहतं. ते बरोबरच आहे, चालू सायकलमध्ये केस मध्येच बदलू नये. पण पुढच्या प्लॅनसाठी जोडलेली व्हर्जन स्वतः जाऊन अपडेट करावी लागतात. ते राहिलं तर लायब्ररीत केस दुरुस्त दिसते आणि टेस्टर मात्र जुनी चालवतो. खात्री करायची तर सायकल सुरू होण्याआधी एक बदललेली केस टेस्टरच्या लॉगिनने उघडून बघा.

निवृत्त करण्याचं काम कुणाला आवडत नाही, कारण ‘उद्या लागली तर?’. म्हणूनच मिटवायचं नाही, स्टेटस बदलायचं. मिटवलेल्या केसचे जुने निकाल आणि तिला जोडलेले बग लोंबकळत राहतात, आणि पेमेंटच्या कामात ऑडिटवाले जुने पुरावे मागतात. केस निवृत्त करायची ती तीन कारणांनी: नियम गेला, फीचर गेलं, किंवा तेच काम दुसरी केस करते. ‘कधीच फेल झाली नाही’ हे कारण नव्हे. पैशाच्या व्यवहारात वर्षानुवर्षं पास होणारी केस राखणदार असू शकते.

आपल्या नऊपैकी २०२२च्या तिन्ही आणि २०२३च्या तिन्ही केस निवृत्त. २०२३च्या तिन्ही मात्र लगेच नाही. पाचशेची मर्यादा असलेलं ॲपचं शेवटचं व्हर्जन सपोर्टमधून गेल्यावर. तोवर त्यांचा `run:regression` काढून ठेवा आणि पॅचच्या वेळी हाताने निवडा. निवृत्त ओळ अशी दिसावी:

```
LITE-007 | Retired | 2025-03-10
कारण: मर्यादा बदलली, LITE-014 मध्ये समाविष्ट
```

ही तारीख उदाहरणापुरती. ‘मध्ये समाविष्ट’ हा भाग सोडू नका. नाहीतर चार महिन्यांनी कुणीतरी ‘ही केस राहिलीय वाटतं’ म्हणून तीच पुन्हा लिहितं.

स्टेटस बदलण्याआधी त्या केसचा आयडी अख्ख्या लायब्ररीत एकदा शोधा. मॅन्युअल केसमध्ये ‘आधी LITE-007 चालवा, मग पुढे’ अशा प्रीकंडिशन सर्रास असतात. समजा LITE-011 मध्ये अशी आहे. सातवी गेली की अकरावीला सुरुवातच उरत नाही, आणि टेस्टर तिच्यावर ‘ब्लॉक्ड’ मारून पुढे जातो. असे संदर्भ सापडले तर सातवीच्या ज्या दोन-तीन स्टेप लागतात त्या सरळ अकरावीच्या प्रीकंडिशनमध्ये उतरवा, आणि मगच सातवीला निवृत्त करा.