थिनरला कोणता हातमोजा, ॲसिडला कोणता: ब्रेकथ्रू टाइम कसा वाचावा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानात जाऊन "केमिकलचा हातमोजा द्या" म्हटलं, की समोर निळा नाहीतर हिरवा नायट्राइलचा जोड येतो आणि वर ऐकायला मिळतं, "घ्या साहेब, सगळ्याला चालतोय." सगळ्याला चालणारा हातमोजा नसतो. एकच रबर डिझेलला दिवसभर दाद देत नाही आणि ॲसिटोनपुढे लगेच हरतं. म्हणून सुरुवात हातमोज्यापासून करायची नाही, डब्यात काय आहे इथून करायची.

आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घेऊ. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या शॉपमध्ये पेंटिंग झाल्यावर स्प्रे गन एनसी थिनरने धुतात. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण हात अक्षरशः थिनरमध्ये बुडालेले. याच कामासाठी हातमोजा निवडू.

पायरी १: डब्यात काय आहे ते शोधा

सेफ्टी डेटा शीट मागवा आणि तिसरा भाग वाचा, तिथे घटक असतात. आठव्या भागात बहुतेक वेळा "योग्य हातमोजे वापरावेत" एवढंच लिहिलेलं असतं, त्याचा काडीचा उपयोग नाही. एनसी थिनर म्हणजे एक रसायन नव्हे. त्यात साधारणपणे टोल्युइन, ॲसिटोनसारखा एखादा कीटोन, एथिल किंवा ब्युटिल ॲसिटेट आणि थोडं अल्कोहोल असतं. सुट्या कॅनमधलं, शीट नसलेलं थिनर असेल तर हे सगळे घटक त्यात आहेत असं धरून चाला.

पायरी २: रबर आणि घटक जुळवा

इथेच "सगळ्याला चालतोय" उघडं पडतं. ॲसिटोन आणि ॲसिटेटला ब्युटिल रबर उत्तम. जाड ब्युटिलला ॲसिटोनसमोर आठ तासांपेक्षा जास्त ब्रेकथ्रू टाइम, म्हणजे रसायन मोज्यातून पार जायला लागणारा वेळ, दाखवणारे हातमोजा कंपन्यांचे तक्ते आहेत. पण तेच ब्युटिल टोल्युइनमध्ये फुगतं. व्हायटॉन रबराचं उलट, टोल्युइनला पहाड आणि ॲसिटोनला कागद. नायट्राइल पेट्रोल, डिझेल, मिनरल टर्पेंटाइनला चांगलं. टोल्युइनला जाड असेल तर थोडा वेळ देतं. ॲसिटोन आणि ॲसिटेटला अजिबात नाही. पीव्हीसीचा विचार सॉल्व्हंटसाठी करूच नका. सॉल्व्हंट त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य ओढून काढतं आणि मोजा कडक होतो.

मिश्रणाचा नियम सरळ आहे: ज्या घटकापुढे हातमोजा सगळ्यात लवकर हरतो, तोच त्याचा खरा वेळ. बाकीच्यांची सरासरी काढायची नाही. उलट, एका सॉल्व्हंटने रबर फुगलं की दुसऱ्यालाही वाट मोकळी होते, त्यामुळे मिश्रण कधीकधी सगळ्यात वाईट घटकापेक्षाही लवकर पार जातं. म्हणून एनसी थिनरला एकट्या रबराचं चांगलं उत्तर नाही. उत्तर आहे पातळ लॅमिनेट मोजा, म्हणजे प्लॅस्टिकच्या अनेक थरांचा, चंदेरी किंवा पांढरट. टोल्युइन, कीटोन आणि ॲसिटेट तिन्ही त्याला लवकर भेदत नाहीत. तो ढगळ असतो, हातात गन धरवत नाही, म्हणून त्याच्यावर घट्ट बसणारा नायट्राइलचा मोजा चढवायचा. आतला अडवतो, वरचा पकड देतो.

पायरी ३: ब्रेकथ्रू टाइम नीट समजून घ्या

या पायरीवर मीही बराच काळ अडखळलो, आणि चुकीचे सल्लेही इथेच सगळ्यात जास्त मिळतात. तेव्हा घाई करू नका.

हातमोजा तीन तऱ्हांनी धोका देतो. पहिली, भोक किंवा चीर. द्रव सरळ आत येतो. दुसरी, रबर बिघडणं; ते फुगतं, लिबलिबीत होतं, कडक होतं, तडकतं. या दोन्ही बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतात. तिसरी पर्मिएशन, आणि ती दिसत नाही. सॉल्व्हंटचे रेणू बाहेरच्या पृष्ठभागात विरघळतात, रबराच्या साखळ्यांमधून सरकत जातात आणि आतल्या बाजूने बाहेर पडतात. माठ पाझरतो तेव्हा त्याला डोळ्यांना दिसेल असं भोक कुठे असतं? तसंच हे. मोजा वरून नवाकोरा दिसत असतो आणि आत कातडीवर टोल्युइन पोचलेलं असतं.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. मोजा फाटला नव्हता. १९९७ च्या जूनमध्ये त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. नंतरच्या चाचणीत ते रसायन तसल्या मोज्यातून १५ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार होतं असं दिसलं. आपलं थिनर तेवढं जहाल नाही, पण पार जाण्याची रीत तीच.

आता तक्त्यातला आकडा. मोज्याच्या तळव्याचा तुकडा कापतात, २३ अंश सेल्सिअसला एका बाजूला रसायन सतत ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला किती येतं ते मोजतात. युरोपीय पद्धतीत हा वेग दर चौरस सेंटिमीटरला दर मिनिटाला १ मायक्रोग्रॅम झाला की घड्याळ थांबवतात. तो झाला ब्रेकथ्रू टाइम. म्हणजे त्या क्षणापर्यंत आत काहीच आलं नाही, असं नाही. दोनशे चौरस सेंटिमीटर भाग भिजला असेल तर त्या वेगाने मिनिटाला २०० मायक्रोग्रॅम, तासाला १२ मिलिग्रॅम. अमेरिकन पद्धतीत घड्याळ दहापट कमी वेगाला, ०.१ ला थांबवतात, त्यामुळे त्याच मोज्याचा आकडा तिथे कमी येतो. दोन कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवून "याचा जास्त वेळ आहे" म्हणण्याआधी कोणती पद्धत आहे ते बघा.

दुसरी गोष्ट जाडी. एकाच रबराचा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ०.४ मिलिमीटरचा मोजा १६ मिनिटं देत असेल, तर त्याच रबराचा ०.१ मिलिमीटरचा डिस्पोजेबल मोजा एक मिनिट देईल. म्हणून "नायट्राइल टोल्युइनला चालतं" हे वाक्य जाडीशिवाय निरर्थक आहे. पातळ मोज्यावर दुसरा पातळ मोजा चढवला की वेळ चौपट होतो, पण एका मिनिटाची चार मिनिटंच होतात.

तिसरी, तापमान. चाचणी २३ अंशांची, तुमचा हात आतून त्याहून बराच गरम, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. उष्णतेने रेणू लवकर सरकतात. शिवाय चाचणीतला तुकडा ताणलेला नसतो, वाकलेला नसतो, घासलेला नसतो. मी तक्त्यातला वेळ निम्मा करूनच धरतो आणि अतिशय गरम कामाला त्याहूनही कमी.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. मोजा काढून खुंटीला टांगला म्हणून आतली वाटचाल थांबत नाही. रबरात शिरलेलं सॉल्व्हंट रात्रभर दोन्ही बाजूंना सरकतं आणि सकाळी मोजा घातला की पहिल्याच मिनिटाला कातडीला भेटतं. त्यामुळे "रोज पंधरा मिनिटंच वापरतो, वेळ साठ मिनिटांचा आहे, म्हणजे चार दिवस चालेल" हा हिशोब खोटा आहे. पहिल्यांदा भिजला तेव्हापासून घड्याळ चालू. वरच्या नायट्राइलला थिनर लागलं की काम संपताच तो टाकायचा. आतल्या लॅमिनेटवर कुठे घडी मोडून चीर पडली असेल तर तोही.

मोज्यात अचानक गार लागलं, तर थांबा. ॲसिटोन आत येऊन कातडीवरून उडून जातंय. टोल्युइनच्या बाबतीत ही खूण मिळेलच असं नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

पायरी ४: मोज्यावरची अक्षरं वाचा

ईएन आयएसओ ३७४-१ या रसायनांच्या हातमोज्यांसाठीच्या मानकाच्या शिक्क्याखाली फ्लास्कचं चित्र आणि काही अक्षरं असतात. टाइप ए म्हणजे यादीतल्या किमान सहा रसायनांना ३० मिनिटं, टाइप बी म्हणजे तिघांना ३० मिनिटं, टाइप सी म्हणजे एकाला १० मिनिटं. "टाइप ए आहे, बेस्ट आहे" असं दुकानदार म्हणतो तेव्हा ती सहा कोणती ते विचारा. जे, के, एल, ओ, पी, टी असेल तर ती हेप्टेन, कॉस्टिक, सल्फ्युरिक, अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मल्डिहाइड. थिनरच्या कामाला हवी बी म्हणजे ॲसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन आणि आय म्हणजे एथिल ॲसिटेट. ती नसतील तर टाइप ए असूनही हा मोजा आपला नव्हे.

पायरी ५: शंका असेल तर पट्टी बुडवून बघा

मनगटाकडच्या भागाची पट्टी कापा, लांबी मोजा, झाकण असलेल्या काचेच्या बरणीत अर्धा तास त्याच थिनरमध्ये ठेवा, पुन्हा मोजा. विस्तवापासून लांब, मोकळ्या हवेत. पट्टी वाढली, चिकट झाली, हाताने ओढता तुटली, तर तो मोजा बाद. मात्र पट्टी तशीच राहिली म्हणजे मोजा पास झाला, असं समजू नका. ही परीक्षा फक्त रबर बिघडतं का ते सांगते, पर्मिएशनबद्दल नाही.

ॲसिडला हिशोब वेगळा

हुपरीच्या चांदीच्या कामात नायट्रिक ॲसिड येतं, प्लेटिंगला हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक. पाण्यात मिसळलेली ॲसिडं रबरातून सॉल्व्हंटसारखी सहज सरकत नाहीत. इथे घात होतो तो बारीक भोकाने आणि रबर जळण्याने. तीव्र नायट्रिक हे ऑक्सिडायझर आहे. पातळ नायट्राइल त्यात पिवळं पडून कडक होतं आणि तडकतं, म्हणून ते वापरू नका. ब्युटिल, किंवा निओप्रीनचा जाड, कोपरापर्यंतचा मोजा घ्या, आणि शिक्क्यात एम म्हणजे ६५ टक्के नायट्रिक आहे का ते बघा. ९६ टक्के सल्फ्युरिकसाठी एल बघायचं. पातळ ॲसिडला चालणारा मोजा तीव्र ॲसिडला चालेल, हे गृहीत धरू नका.

कातडीवर पिवळा डाग पडला आणि साबणाने जात नसेल, तर नायट्रिक आत शिरलं होतं हे नक्की. तो जोड त्याच दिवशी बाद करा.

रोज घालण्याआधी मनगटाकडून मोजा गुंडाळत हवा कोंडा आणि फुगलेली बोटं पाण्यात दाबा. बुडबुडे बोटांच्या बेचक्यांतून आधी येतात, कारण रबर तिथेच ताणलं आणि दुमडलं जातं. हात वर करून काम असेल तर मनगटाची कड बाहेरच्या बाजूला दुमडा, नाहीतर ओघळ सरळ कोपरापर्यंत जातो.

काढताना बाहेरची बाजू उघड्या हाताला लागू देऊ नका, आणि लगेच साबण-पाण्याने हात धुवा. हातावरचा रंग काढायला थिनरचं फडकं मात्र नको. एवढं सगळं करून शेवटी त्याच थिनरने हात पुसणारे मी बरेच पाहिलेत. रंग निघत नसेल तर खोबरेल तेल चोळा, मग साबण.