टाकीला भोक पडलंय, किती गॅस जातोय: आधी चोक्ड आहे का ते बघा

प्रोसेस सेफ्टीत किंवा कॉम्प्रेस्ड एअरच्या कामात नवीन लागलेल्यांना हे गणित लवकरच करावं लागतं, आणि बरेच जण कॉलेजातलं बर्नोली लावून मोकळे होतात. मी नवीन आलेल्यांना नेहमी एकच केस करायला देतो: ५०० लिटरचा एअर रिसीव्हर, गेजवर ७ बार, तापमान ३०० केल्विन आणि २ मिमीचं भोक.

पहिलं काम म्हणजे गेजमध्ये हवेचा १ बार मिळवायचा, म्हणजे ८ बार ॲब्सोल्यूट. मग बाहेरचं प्रेशर भागिले आतलं, हवेसाठी हा रेशो ०.५२८ च्या खाली असेल तर फ्लो चोक्ड. इथे तो ०.१३ च्या आसपास येतो, म्हणजे चोक्डच. भोकातून बाहेर पडताना गॅस आवाजाच्या वेगाला पोचलेला असतो आणि बाहेर प्रेशर कमी झाल्याची खबरही त्याच वेगाने आत जाणार, त्यामुळे ती आत पोचतच नाही, बाहेर अगदी व्हॅक्यूम लावलात तरी फ्लो वाढत नाही. आता हवेसाठी (सगळं SI मध्ये):

```
m = 0.0404 * Cd * A * P0 / sqrt(T0)
```

m म्हणजे मास फ्लो, A भोकाचं क्षेत्रफळ, P0 आणि T0 टाकीतलं ॲब्सोल्यूट प्रेशर आणि तापमान. डिस्चार्ज कोइफिशंट Cd ०.८ धरला तर साधारण ४.७ ग्रॅम प्रति सेकंद. तेच बर्नोलीने, टाकीतली डेन्सिटी घेऊन काढलं तर ९ येतात, जवळपास दुप्पट!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: चोक्ड म्हणजे फ्लो कायम एकच राहतो असं नाही हो. अडकलेला असतो तो वेग, मास फ्लो आतल्या प्रेशरच्या प्रमाणात कमी होतच जातो. म्हणून तापमान फारसं बदललं नाही तर टाकीचं ॲब्सोल्यूट प्रेशर एक्स्पोनेन्शियल उतरतं, आपल्या केसमध्ये टाइम कॉन्स्टंट सुमारे ९९० सेकंद, आणि गेज ०.९ बारवर यायला साधारण २३-२४ मिनिटं लागतात. त्याच्या खाली फ्लो अनचोक्ड होतो, तिथे बाहेरचं प्रेशरही मोजावं लागतं आणि वरचं सूत्र चालत नाही, ते वापरत राहिलात तर गळती जास्त दाखवेल.

हे प्रत्यक्ष तपासायचं तर दर मिनिटाला गेज वाचा, १ बार मिळवून त्याचा लॉग घ्या आणि वेळेसमोर प्लॉट करा. चोक्ड आहे तोवर सरळ रेष येते, ०.९ बारच्या खाली गेल्यावर ती हळूहळू आडवी व्हायला लागते. रेष अगदी सुरुवातीपासूनच वाकडी असेल तर बहुतेक वेळा १ बार मिळवायचा राहिलेला असतो, नाहीतर भोक मोठं असल्याने टाकी भराभर रिकामी होऊन आतला गॅस थंड पडत असतो, तेव्हा तापमान एकच धरून चालत नाही.

गॅस बदलला की रेशो बदलतो, हेलियमचा ०.४९ च्या आसपास, मिथेनचा ०.५४, आणि ०.०४०४ हा आकडाही फक्त हवेचाच. एलपीजीच्या टाकीत भोक लिक्विडच्या लेव्हलखाली असेल तर यातलं काहीच लावू नका, तिथे लिक्विड बाहेर पडताना उकळतं आणि ते गणित वेगळं आहे.