मशीन घेतलं तरी रक्त येतंच? तार लावलेल्यांनी फटी साफ करताना या चुका टाळा

"काय ओ डॉक्टर, साडेतीन हजाराचं मशीन घेतलं, तरी हिचं रक्त यायचं काय थांबंना."

तासगावहून आलेल्या आईने खुर्चीत बसायच्या आधीच हे सांगितलं. मुलगी अकरावीतली, तार लावून सात महिने झालेले. खालचे पुढचे दात आधीपासूनच एकमेकांवर चढलेले, म्हणून तर तार लावली होती. तोंड उघडून पाहिलं तर या चार-सहा दातांच्या मधली हिरडी लालभडक, फुगून ब्रॅकेटला टेकायला आलेली. नुसती हवा मारली तरी रक्त दिसत होतं. हिरडीच्या काठाला मी बारीक सळईने फिरून पाहिलं, तेव्हा चौदा जागी रक्त आलं.

ते मशीन, म्हणजे पाण्याच्या धारेने फटी धुणारा वॉटर फ्लॉसर, पिशवीत घालून आणला होता, हे उत्तमच झालं. मी दातांवर रंगाचं औषध लावलं. ते थर असेल तिथे गुलाबी चिकटतं आणि स्वच्छ दातावरून धुऊन जातं. मग तिला सांगितलं, घरी करतेस तसंच इथे बेसिनवर कर. तिने सगळ्यात वरचा स्पीड लावला, नळी दातांसमोर धरली आणि बागेला पाणी मारावं तशी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरवली. अर्ध्या मिनिटात टाकी रिकामी. मग आरसा तिच्या हातात दिला. ब्रॅकेटमध्ये अडकलेले भडंगाचे कण गेले होते, दातांच्या समोरच्या बाजू बऱ्यापैकी पांढऱ्या होत्या. पण दोन दात जिथे टेकतात त्याच्या खाली, हिरडीच्या टोकाशी, प्रत्येक फटीत गुलाबी रेघ जशीच्या तशी होती.

पाण्याने काय निघतं आणि काय निघत नाही, हे त्या आरशात दिसलं. अडकलेला कण सुटा असतो, त्याला धार पुरते. दातावरचा थर मात्र जंतूंचा आणि चिकट असतो. दुधाच्या पातेल्याला लागलेली साय नळाखाली धरून किती निघते, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. हाताने घासावंच लागतं. वॉटर फ्लॉसर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तार असलेल्यांना तो खरंच उपयोगी पडतो, हिरडीकाठचा थर तो हलवतो आणि रक्त येणंही कमी करतो. पण जिथे दात दाटीवाटीने एकमेकांना घट्ट टेकलेले आहेत, तिथल्या आमोरासमोरच्या बाजूंना काहीतरी घासून जायला हवं. मशीन आलं म्हणून फटीत फिरवायचा दोरा, म्हणजे फ्लॉस, बंद, हीच तिची पहिली चूक होती.

मशीन वापरायची रीतही चुकत होती. पहिला आठवडा सगळ्यात कमी जोर ठेवा. फुगलेल्या हिरडीवर जोराची धार बसली की दुखतं आणि मग पोरं दोन दिवसांत मशीन कपाटात टाकतात. नळीचं टोक हिरडीच्या काठावर, दाताला काटकोनात धरा. मागच्या दाढेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक फटीपाशी एक-दोन सेकंद थांबा. न थांबता नळी फिरवली की धार ब्रॅकेटवर आपटून बाहेर येते, एवढंच. आतल्या, जिभेकडच्या बाजूनेही एक फेरी हवी, ती जवळजवळ कोणीच करत नाही. बेसिनवर वाकून ओठ अर्धवट मिटलेले ठेवले की आरसा आणि शर्ट दोन्ही वाचतात. पाणी कोमट घ्या, गरम नको. तार असलेल्यांसाठी टोकाला बारीक केसांचा झुपका असलेली वेगळी नळी मिळते, ती डब्यातच असेल तर शोधून तीच लावा.

मीठ आणि हळद टाकीत घालू नका. सांगलीत हळदीचं काही सांगायला नको, प्रत्येक घरात "हळदीने हिरडी बरी होते" हे ऐकायला मिळतं. टाकीत घातलेली पूड बारीक नळीत बसते, मीठ आतल्या भागांना खातं, आणि ब्रॅकेटवरच्या रबराच्या रिंगा तशाही आमटीने पिवळ्या होतातच. बोअरचं पाणी भरत असाल तर क्षार साचून धार हळूहळू बारीक होते. पिण्याचं पाणी वापरा आणि वापरून झालं की टाकी रिकामी करून उघडी वाळवा.

आता दोऱ्याकडे. तार असली की दोरा वरून फटीत उतरत नाही, कारण मध्ये आडवी तार असते. म्हणून पोरं म्हणतात, "मला जमतच नाही." साध्या दोऱ्याने जमणारच नाही. त्यासाठी प्लॅस्टिकची मोठ्या नेढ्याची लवचिक सुई मिळते, तिला थ्रेडर म्हणतात. किंवा सुपरफ्लॉस घ्या. त्याचं एक टोक ताठ असतं, मधला भाग स्पंजसारखा फुगीर आणि उरलेला साधा दोरा. ताठ टोक तारेच्या खालून, म्हणजे तार आणि दात यांच्या मधून ओवायचं आणि पलीकडे ओढून घ्यायचं. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून करवतीसारखं मागेपुढे करत दोरा दोन दातांमध्ये उतरवायचा. दात घट्ट असतील तर इथेच घाई होते: जोर लावला की दोरा टचकन खाली जातो आणि हिरडीचं टोक कापतो. खाली उतरला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून हिरडीच्या काठाखाली किंचित सरकवा, चार-पाच वेळा वरखाली घासा, मग तेच शेजारच्या दाताला. ब्रॅकेटच्या कडेने मधला फुगीर भाग फिरवा. काढताना एक टोक सोडून दोरा तारेखालून आडवा ओढून घ्या. सरळ वर खेचला तर तो तारेला अडतो, आणि ओढाताणीत एखादं ब्रॅकेट सुटायचं.

घरातला शिवायचा दोरा वापरू नका, तो पिळाचा असतो आणि हिरडीला चिरतो. घट्ट फटींसाठी मेण लावलेला किंवा पट्टीसारखा चपटा, गुळगुळीत दोरा बराच सोपा पडतो. हातात धरायचे साधे फ्लॉस पिक तारेखाली जात नाहीत, त्यात पैसे घालवू नका.

खरं सांगायचं तर सगळ्या फटी ओवायला सुरुवातीला पंधरा मिनिटं जातात. कॉलेज, क्लास असताना सकाळी ते होणार नाही, म्हणून रात्री एकदाच. आधी फटी, मग ब्रश, म्हणजे फ्लोराइडची पेस्ट मोकळ्या झालेल्या जागेत पोचते. ज्या दिवशी अंगात त्राणच नसेल, त्या दिवशी निदान खालचे पुढचे सहा दात आणि मागच्या दाढांच्या फटी तरी सोडू नका.

छोट्या बाटली-ब्रशसारखे दिसणारे इंटरडेंटल ब्रश हा तिचा तिसरा घोळ. मैत्रिणीने निळा वापरला म्हणून हिनेही निळाच घेतला. रंग कंपनीगणिक बदलतो, त्यावर जाऊ नका. बऱ्याच पाकिटांवर 0 ते 8 असा मापाचा आकडा असतो. आकडा लहान तितका ब्रश बारीक, आणि 0 म्हणजे 0.6 मिलिमीटर किंवा त्याहून लहान भोकातून जाणारा. तो आत शिरताना केसांचा थोडा अडथळा जाणवला पाहिजे, पण मधली तार दाताला घासता कामा नये आणि वाकता कामा नये. तार वाकली, किंवा दरवेळी एकाच टोकावर दुखलं, तर त्या फटीला तो मोठा आहे. नुसता सैल गेला तर लहान. सगळ्यात बारीकही जात नसेल तर ती जागा ब्रशची नाहीच, तिथे दोराच.

तार असणाऱ्यांची आणखी एक गंमत असते, ती दुकानदारही सांगत नाही: दात हलत असतात, म्हणून फटी बदलतात. दोन महिन्यांपूर्वी मोकळी असलेली फट आज बंद होते आणि बंद असलेली उघडते. म्हणून डझनाचं पाकीट घेऊ नका. दर वेळी तार घट्ट करायला जाल तेव्हा कोणत्या फटीत कोणतं माप, हे तिथेच आरशात दाखवून घ्या. हाच ब्रश फटीशिवाय आणखी एका कामाला येतो: तारेखालून उभा घालून ब्रॅकेटच्या डाव्या-उजव्या कडा घासायला. पांढरे खडूसारखे डाग पडायला सुरुवात होते ती याच कडांना, आणि थर रोज तसाच राहिला तर महिन्याभरातही ते दिसू लागतात. ब्रशवर पेस्ट लागत नाही. केस विस्कटले की टाकून द्या. आणि दाढांमध्ये निळ्या-केशरी रबरी रिंगा बसवल्या असतील, म्हणजे पट्टा बसवायच्या आधी जागा करायला घालतात त्या, तर त्या असेपर्यंत तिथे दोरा घालू नका. रिंग निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून.

रक्त आलं म्हणून ती जागा सोडून देणं हे तर नेहमीचंच. रक्त येतंय म्हणजे तिथे थर आहे. दोरा नीट फिरवत राहिलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी व्हायला हवं. रोज करूनही दोन आठवड्यांनंतर तसंच येत असेल, पू दिसत असेल किंवा तोंडाला वास येत असेल, तर तिथे कीटण बसलेलं असू शकतं. ते घरच्या कुठल्याच साधनाने निघत नाही, क्लिनिकमध्येच काढावं लागतं.

या मुलीचं कीटण मी त्याच दिवशी काढलं आणि खालच्या फटींसाठी सुपरफ्लॉस, मागच्या चार फटींसाठी 0 मापाचा ब्रश आणि कमी जोरावर मशीन, एवढंच ठरवून दिलं. पंधरा दिवसांनी चौदाच्या जागी तीन ठिकाणी रक्त आलं. पण ती म्हणाली, "डॉक्टर, वर उजवीकडं एकाच जागी दोरा उसवतोय, रोज." दोरा नेहमी एकाच फटीत तुटत असेल तर दोरा बदलून उपयोग नसतो, तिथे किडीची धारदार कड, वाढलेली फिलिंग किंवा कीटण असतं. एक्स-रेमध्ये दोन उपदाढांच्या मध्ये, डोळ्याला न दिसणारी छोटी कीड निघाली. तार लावणाऱ्या डॉक्टरांनी तेवढ्या भागातली तार मोकळी केली, मी कीड काढून फिलिंग केलं, कड घासून गुळगुळीत केली. तिने तिथल्या तिथे थ्रेडर मागून घेतला, ओवला आणि दोरा सरळ खाली गेला.