खर्च वाढला म्हणून निविदा मागे घ्यायची असेल तर बयाणा रक्कम कशी वाचवाल?

निविदा भरल्यावर लोखंड-सिमेंटचे भाव चढले आणि काम तोट्यात जाईल असं दिसलं, की आधी तारीख बघा. बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, परत मिळेल की नाही हे बहुतांशी तारखेवरच ठरतं.

निविदा भरण्याची मुदत अजून शिल्लक असेल तर काळजी नाही, पण घाईने ‘विथड्रॉ’ दाबू नका. सरकारी ई-निविदा पोर्टलवर एकदा बोली मागे घेतली की त्याच निविदेत पुन्हा भरता येत नाही. नवा दर टाकून बोली पुन्हा सादर करण्याची सोय मात्र असते. भावच बदलले असतील तर तीच वापरा.

मुदत संपली, लिफाफे उघडले, की खरी अडचण सुरू होते. करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे स्वीकृती होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, त्यामुळे अनेकांना वाटतं की पैसेही परत मिळतील. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या प्रकरणात हा समज खोडून काढला. बोली मागे घेण्याचा हक्क वेगळा आणि वैधता कालावधीत माघार घेतल्यास बयाणा जप्त करण्याची अट वेगळी. अट मान्य करूनच तुम्ही निविदा भरलेली असते. भाववाढीचं कारण कितीही खरं असलं तरी त्याने ती अट सुटत नाही.

आता हिशेब मांडा. समजा बोली 50 लाखांची, धरलेला नफा 4 लाख, बयाणा 1 लाख. खर्च 4 लाख 60 हजारांनी वाढला, तर काम करून 60 हजारांचा तोटा. माघार घेतली तर 1 लाख गेले, वर ठरावीक काळ निविदा भरायला बंदी येण्याची शक्यता. इथे काम करणंच स्वस्त. निविदेत भाववाढीचं कलम असेल तर तोटा आणखी कमी होतो. खर्च 9 लाखांनी वाढला असता, तर बयाणा सोडणं परवडलं असतं. बयाण्यातून सूट घेऊन त्याऐवजी फक्त माघार न घेण्याचं घोषणापत्र दिलं असेल तर पैसे जात नाहीत, पण बंदीची टांगती तलवार राहते.

बिनखर्चाची वाट मात्र एक आहे आणि तीच बरेच जण हातची घालवतात. निविदा 10 जूनला उघडली आणि वैधता त्या दिवसापासून 90 दिवस असेल, तर ती 8 सप्टेंबरला संपते. तोवर स्वीकृतीपत्र निघालं नाही, तर विभाग बहुधा मुदतवाढीचं संमतिपत्र मागतो. बहुतेक निविदांच्या अटींत ही संमती नाकारली तरी बयाणा जप्त होत नाही. तुमच्या निविदेतलं ते कलम शोधून वाचा. मग मुदत संपण्याआधीच लेखी कळवा: ‘वैधता वाढवण्यास आमची संमती नाही, 8 सप्टेंबरनंतर बयाणा परत करावा.’ त्यात ‘दर वाढवून दिल्यास तयार आहोत’ असं जोडू नका. वैधता चालू असताना दर बदलायला बघितला, असा अर्थ काढून विभाग तेवढ्यावर रक्कम अडवू शकतो. पत्राची पोहोच मात्र घ्याच. बयाणा बँक हमीच्या रूपात दिला असेल, तर मूळ हमीपत्र परत मागा आणि ते बँकेत जमा करून हमी रद्द करून घ्या.