बाळाच्या लसींची शीट: पुढच्या डोसाची तारीख फक्त जन्मतारखेवरून काढू नका

सरकारी लसीकरणातल्या बाळांच्या याद्या मी बरीच वर्षं सांभाळते आहे. तयार शीट म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच फाइलींमध्ये प्रत्येक लसीची तारीख थेट जन्मतारखेवरून काढलेली असते. बाळ एकदा उशिरा आलं की पुढची सगळी ओळ चुकते. खाली गूगल शीट्समध्ये बरोबर कशी करायची ते सांगते.

`B1` मध्ये जन्मतारीख. चौथ्या ओळीपासून `A` मध्ये लस, `B` मध्ये देय तारीख, `C` मध्ये प्रत्यक्ष दिल्याची तारीख. `C` मधली तारीख कार्ड समोर ठेवूनच भरा, आईच्या आठवणीवरून नको. सुरुवातीलाच `File → Settings → Locale` मध्ये `India` निवडा, नाहीतर 03/04 म्हणजे 3 एप्रिल असताना शीट 4 मार्च धरते आणि तुम्हाला कळतही नाही.

जन्मावेळच्या बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि पोलिओच्या शून्य डोसाला `=$B$1` पुरे. गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसाला 270 दिवस मोजू नका, `=EDATE($B$1,9)` लिहा. उत्तर 45945 असं आलं तर त्या चौकटीला तारखेचं स्वरूप द्या.

आता पेंटाव्हॅलंट. आपण सगळे दीड, अडीच आणि साडेतीन महिने म्हणतो, पण वेळापत्रक 6, 10 आणि 14 आठवड्यांचं आहे, म्हणजे 42, 70 आणि 98 दिवस. दीड महिना म्हणून 45 लिहू नका. सातव्या ओळीत पेंटा-1 असेल तर `B7` मध्ये `=$B$1+42`. इथवर सोपं आहे.

मी अडकले ती पेंटा-2 वर. एक बाळ 15 जानेवारी 2025 चं. पेंटा-1 ची तारीख होती 26 फेब्रुवारी, पण त्याची आई माहेरी होती, म्हणून डोस मिळाला 19 मार्चला. माझ्या शीटमध्ये पेंटा-2 समोर जन्मतारीख अधिक 70, म्हणजे 26 मार्च होतं. मी तीच तारीख सांगितली. ती बाई बाळाला घेऊन उन्हातून आली आणि तिला परत जावं लागलं, कारण दोन डोसांत किमान 4 आठवडे लागतात. खरी तारीख होती 16 एप्रिल. तिची ती फेरी मला अजून टोचते.

म्हणून दुसऱ्या डोसाला दोन अटी आहेत: बाळ 70 दिवसांचं झालेलं हवं आणि मागच्या डोसाला 28 दिवस झालेले हवेत. यांतली जी तारीख नंतरची, ती देय. मागच्या डोसाची तारीख उलटली आणि तो अजून दिलाच नसेल तर तो लवकरात लवकर आज मिळू शकतो, म्हणून मोजणी आजपासून.

```
B8: =MAX($B$1+70,IF(C7="",MAX(B7,TODAY()),C7)+28)
B9: =MAX($B$1+98,IF(C8="",MAX(B8,TODAY()),C8)+28)
```

यामुळे पेंटा-1 राहिला असेल तर खाली दिलेल्या रंगाच्या सूत्राने तोच एक लाल होतो आणि पुढचे दोन आपोआप सरकतात. वरच्या बाळाचा पेंटा-2 16 एप्रिलला झाला तर `B9` मध्ये 14 मे यायला हवा. या तारखा घालून तपासा. `#VALUE!` आलं तर `C` मधली तारीख मजकूर म्हणून गेली आहे. तशी तारीख चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते.

रोटा आणि तोंडावाटे पोलिओच्या 1, 2, 3 डोसांना हीच साखळी. पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोकोकल यांचे पहिले दोन डोस 6 आणि 14 आठवड्यांना असतात, म्हणून त्यांच्या दुसऱ्या डोसात 70 च्या जागी 98 घ्या आणि 28 च्या जागी 56. उशीर झाला म्हणून कुठलीच मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते.

लाल रंगासाठी `A4:C30` निवडा आणि `Format → Conditional formatting → Custom formula is` मध्ये हे टाका:

```
=AND($A4<>"",$C4="",$B4+7<TODAY())
```

हे 7 दिवस मुद्दाम ठेवले आहेत. लसीकरण सत्र ठरलेल्या वारीच असतं. देय तारखेच्या दुसऱ्याच दिवशी लाल केलं तर अर्धी यादी कायम लाल राहते आणि मग खरोखर राहिलेलं बाळ नजरेतून सुटतं.

काही लाल ओळी मात्र आता भरताच येत नाहीत. हिपॅटायटिस बी चा जन्मडोस 24 तासांत आणि पोलिओचा शून्य डोस 15 दिवसांत द्यायचा असतो. ती वेळ गेली असेल तर `C` मध्ये ‘मुदत संपली’ लिहा, लाल जाईल. साखळीतल्या लसींसमोर मात्र असा मजकूर लिहू नका, पुढची सूत्रं मोडतात. वर्ष उलटलेल्या बाळाचा पेंटा सुरूच झाला नसेल तर शीटमधली तारीख धरू नका. त्या वयात डीपीटी देतात, तेव्हा कार्ड घेऊन उपकेंद्रात जा.