द्राक्षबागेवरचा लघुपट: कोणतं काम टूलला, कोणतं आपल्याकडे

नाशिकमध्ये लघुपट करायला घेणारी नवी मुलं हल्ली पहिला प्रश्न विचारतात, एआय कुठे वापरू? दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारावर आम्ही छोटा माहितीपट केला. काढणीच्या तोंडावर गारपीट होऊन त्यांचा माल गेला होता. त्या कामात आमची एकच कसोटी होती: हे टूल माणूस काय बोलला किंवा कॅमेऱ्याने काय पाहिलं, ते बदलतंय का? बदलत नसेल तर खुशाल वापरा. बदलू शकत असेल, तर तिथे माणसाने बसायचं.

पहिलं काम मुलाखती लिहून काढण्याचं. इथे व्हिस्परसारखं टूल खरंच कामाचं आहे. तासाभराची मुलाखत थोड्या वेळात मजकूर होऊन येते, शेजारी वेळेचे आकडेही असतात, त्यामुळे हवं ते वाक्य फुटेजमध्ये लगेच सापडतं. पण तो मजकूर शोधण्यासाठी वापरायचा, पुरावा म्हणून नाही. डाऊनी, फुगवण, थिनिंग, गोडी छाटणी हे बागेतले शब्द त्याला नीट कळत नाहीत. बोलीत तर ते आणखी अडखळतं.

त्याहून मोठा धोका शांततेत असतो. गारांबद्दल विचारल्यावर ते बागायतदार काका बराच वेळ गप्प बसले, मागे फक्त वारा. मजकुरात मात्र तिथे एक अख्खं वाक्य उमटलं होतं, काका ते बोललेच नव्हते. या टूल्सचा हा माहीत असलेला दोष आहे: आवाज नसला तरी शब्द भरायची त्यांना सवय लागलेली असते. म्हणून लघुपटात जाणारं प्रत्येक वाक्य हेडफोन लावून मूळ आवाजाशी ताडून पाहायचं. मजकुरावरून कट लावला असता, तर ती शांतता आम्ही कापून टाकली असती. आणि मुलाखतीतली सगळ्यात बोलकी जागा तीच होती.

दुसरं काम आवाज साफ करण्याचं. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालू होता. असा एकसुरी घरघराट काढायला एआय उत्तम, हाताने इतकं साफ होत नाही. पण जोर पूर्ण ठेवला की ‘स’, ‘श’ आणि वाक्याच्या शेवटचे हळू उच्चार गिळले जातात आणि माणूस डबक्यातून बोलल्यासारखा वाटतो. काही टूल्स तर गोंगाट नुसता काढत नाहीत, बोलणंच नव्याने घडवतात. आम्ही जोर निम्म्यावर आणला, खाली थोडा मूळ आवाज मिसळला आणि ब्लोअर दूरवर ऐकू येऊ दिला. शेवटी तो बागेचाच आवाज आहे. शूटिंगच्या वेळी कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसता बागेचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कटांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

खरी ओढाताण झाली ती दृश्यांवरून. गारपिटीचं फुटेज आमच्याकडे नव्हतं. टीममधल्या एकाने एआयकडून बाग आणि गारांचं दृश्य बनवून आणलं. दिसायला देखणं होतं. काकांना दाखवलं तर ते लगेच म्हणाले, “अरे, ही बाग आपल्याकडची नाही.” खरंच होतं. आपल्याकडे वेली मांडवावर नाहीतर वाय आकाराच्या तारांवर असतात, घड पानांखाली लोंबतात. त्या दृश्यात परदेशातल्यासारख्या उतारावर कुंपणासारख्या रांगा होत्या.

पण समजा, मांडव हुबेहूब जमला असता, तरी मी ते घेतलं नसतं. पाहणारा ते त्याच दिवसाचं, त्याच बागेचं दृश्य समजला असता, आणि नुकसान झालेल्या माणसाच्या गोष्टीत खोटा पुरावा घुसला असता. काकांच्या पुतण्याने मोबाइलवर काढलेला हलता, धूसर व्हिडिओ होता. चिरलेले मणी, चिखलात पडलेले घड. त्याची परवानगी घेऊन तोच लावला. उरलेली जागा काकांच्या चेहऱ्याने भरून काढली.

काकांनी एके ठिकाणी क्षेत्र चुकीचं सांगितलं होतं. त्यांच्या आवाजाची नक्कल करून आकडा बदलणं आज सहज जमतं. आम्ही त्यांना फोन करून खात्री केली आणि बरोबर आकडा पडद्यावर लिहिला. मुलाखतीला दिलेला होकार हा आवाजाची नक्कल करायला दिलेला होकार नसतो.

कुठलं वाक्य आधी, कुठे थांबायचं, हा कट आम्ही कागदावर चिठ्ठ्या मांडून हातानेच ठरवला. इंग्रजी सबटायटलचा पहिला खर्डा टूलने केला, पण ‘माल गेला’चा अर्थ त्याने माल विकला गेला असा लावला, म्हणून ओळ न् ओळ माणसाने तपासली.

यूट्यूबवर टाकताना वास्तव वाटेल असं कृत्रिम दृश्य किंवा आवाज असेल तर ते जाहीर करावं लागतं. आवाज साफ करणं, सबटायटल यांना ती अट नाही. आम्ही तरी वर्णनात दोन्हींचा उल्लेख केला आणि मोबाइल व्हिडिओखाली पुतण्याचं श्रेय दिलं.